छातीतली जळजळ: टोमॅटो, लिंबू आणि मिरची यांची घरच्या घरी परीक्षा

मिसळीची एक बशी समोर ठेवून पाहावी. खाली मटकीची उसळ, वर मूठभर फरसाण, त्यावर लालभडक तर्री, मग बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि पिळलेली लिंबाची फोड. सोबत दोन-तीन पाव, रस्सा संपला की पुन्हा एक वाटी, आणि शेवटी कडक चहा. तासाभराने छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते, आंबट पाणी घशाशी येतं आणि घरातलं कोणीतरी ठरलेलं वाक्य बोलतं, “तिखट खाल्लंस ना, मग होणारच.” दुसऱ्या दिवसापासून तिखट बंद. चार दिवसांनी टोमॅटोचं सार प्यायल्यावर पुन्हा जळजळलं की टोमॅटो बंद, मग लिंबू, मग चिंच, मग आमसूल. काही घरांत ही यादी इतकी वाढते की दहा-दहा वर्षं माणूस मुगाची खिचडी आणि दूधभातावर काढतो, आणि जळजळ तरीही थांबत नाही.

त्या बशीत निदान पाच संशयित एकत्र बसलेले असतात: मिरची, तेल, कच्चा कांदा, लिंबू आणि एकूण खाण्याचं प्रमाण. कोणी काय केलं हे एका बशीवरून सांगता येत नाही. ते शोधण्याची रीत आहे आणि ती घरी करता येते. पण त्याआधी जळजळ होते कशी, हे नीट समजून घ्यावं लागतं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली जाताना ते सैल होतं आणि लगेच आवळतं. जेवणानंतर जठर फुगलं की हे कडं अधूनमधून घास नसतानाही काही सेकंद सैल पडतं. त्यातूनच ढेकर येते. हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. त्रास असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र त्या सैल क्षणी हवेबरोबर आम्लही वर चढतं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसण्याची सोय आहे, अन्ननलिकेला तशी नाही, म्हणून तिथे जळतं.

आता आंबटपणाचा हिशेब. जठरातल्या आम्लाचा पीएच रिकाम्या पोटी साधारण एक ते दोन असतो. आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, संत्र्याचा साडेतीन ते चारच्या दरम्यान आणि टोमॅटोचा चारच्या थोडा वर. म्हणजे टोमॅटो जठरातल्या आम्लापेक्षा शेकडो पटींनी सौम्य आहे. “टोमॅटोने पोटात अ‍ॅसिड वाढलं” हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. सार पोटात गेल्याने तिथला आंबटपणा वाढत नाही.

मग टोमॅटो खाल्ल्यावर जळजळतं असं सांगणारे सगळे चुकतात का? मुळीच नाही. हा प्रश्न अमेरिकेतल्या डोनाल्ड कॅस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये थेट तपासला. जळजळीचा त्रास असलेल्या लोकांच्या अन्ननलिकेत त्यांनी बारीक नळीने संत्र्याचा रस, मसालेदार टोमॅटो पेय आणि कॉफी सोडली. पोटातून वर येण्याचा प्रश्नच नव्हता, पदार्थ वरून थेट अन्ननलिकेच्या आतल्या बाजूला लागत होता. अनेकांना जळजळ झाली. मग याच पेयांचा आंबटपणा काढून टाकला, पीएच सातवर, म्हणजे साध्या पाण्याइतका आणला. तरीही जळजळ झाली.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा उलगडा त्यांवर उभा आहे. एक, आधीच हुळहुळी झालेली अन्ननलिका या पदार्थांच्या नुसत्या स्पर्शाने चुरचुरते. दोन, त्याला केवळ आंबटपणा कारण नाही, पदार्थातले इतर घटकही झोंबतात. खरचटलेल्या गुडघ्यावर लिंबू पिळल्यावर जे होतं तेच इथे होतं. लिंबाने गुडघा खरचटवलेला नसतो.

मिरचीची गोष्ट आणखी सरळ आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिन या द्रव्याला ओळखणारा ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला, आणि त्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. टीआरपीव्ही१ नावाचा हा ग्राही भाजणारी उष्णता ओळखतो, मिरची ओळखतो आणि आम्लालाही प्रतिसाद देतो. तो फक्त जिभेवर नाही, अन्ननलिकेतल्या मज्जातंतूंवरही असतो. म्हणून मिरची झोंबणं आणि आम्लाने जळणं मेंदूला जवळजवळ एकच वाटतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जळजळीचा त्रास असलेल्यांना जेवणासोबत कॅप्सायसिन दिलं गेलं. आम्ल वर येण्याचं प्रमाण वाढलं नाही, जठर रिकामं होण्याचा वेगही बदलला नाही. मात्र जळजळ शिगेला लवकर पोहोचली. म्हणजे मिरचीने आम्ल वर ढकललं नाही, आलेल्या आम्लाची जाणीव तीव्र केली.

याउलट, आम्लाला खरोखर वर येऊ देणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांचं नाव घरात क्वचित घेतलं जातं. पोट तुडुंब भरणं ही पहिली, कारण जठर जितकं ताणलं जाईल तितक्या वेळा ते कडं सैल पडतं. जेवून लगेच आडवं होणं ही दुसरी. जेवणानंतर अन्नामुळे जठरातलं बहुतेक आम्ल सौम्य होतं, पण अगदी वरच्या भागात, अन्ननलिकेच्या तोंडाशीच, ताज्या तीव्र आम्लाचा एक थर तरंगत राहतो, हे ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. माणूस ताठ बसलेला असला तर तो थर बहुधा जागेवर राहतो. आडवा झाला की त्याला वर यायला वाट मोकळी. पोटाचा वाढलेला घेर आणि करकचून बांधलेला पट्टा हेही त्यातच भर घालतात. कच्च्या कांद्याचंही नाव इथे घ्यायला हवं. १९९० मधल्या एका छोट्या अभ्यासात तोच हॅम्बर्गर एकदा कांद्याशिवाय आणि एकदा कच्चा कांदा घालून दिला. ज्यांना मुळात जळजळीचा त्रास होता, त्यांच्या अन्ननलिकेत कांद्याच्या दिवशी आम्ल जास्त आलं. ज्यांना त्रास नव्हता, त्यांना फरक पडला नाही. मिसळीत मिरचीवर आळ येतो आणि कांदा निसटतो, तो असा.

डॉक्टरांच्या संघटनांचा सल्लाही याच दिशेने सरकला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की आंबट-तिखट पदार्थ सगळ्यांना सरसकट बंद करायला लावू नयेत. २०२२ च्या सूचनांत त्यांनी ज्याला जे बाधतं ते त्याने टाळावं असं सुचवलं, पण त्यामागचा पुरावा कमकुवत आहे हेही नोंदवलं. वजन कमी करणं आणि रात्री पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं यांना त्यापेक्षा बरा आधार आहे. तेव्हा ‘ज्याला जे बाधतं ते’ नेमकं कोणतं, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

शोधाचा पहिला धागा म्हणजे घड्याळ. घास गिळता गिळता किंवा पाच-दहा मिनिटांत चुरचुरलं, तर तो स्पर्शाचा त्रास: पदार्थ झोंबला, म्हणजे अन्ननलिका आधीच हुळहुळी आहे. जळजळ एक-दोन तासांनी आली, ढेकरेबरोबर आंबट पाणी आलं, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढली, तर ते आम्ल खालून आलंय. तिथे टोमॅटोपेक्षा जेवणाचं प्रमाण, तेल, कांदा आणि झोपेची वेळ तपासायला हवी. बहुतेक लोक जळजळ झाली एवढंच लक्षात ठेवतात, केव्हा झाली ते विसरतात. तिथेच शोध चुकतो.

आता परीक्षा प्रत्यक्ष कशी करायची ते एका उदाहरणाने पाहू. ठाण्यात राहणारे, मुंबईत नोकरीला जाणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ कल्पनेत धरू. घरी यायला साडेनऊ, जेवण दहाला, अंथरूण साडेदहाला. आठवड्यातून चार-पाच रात्री जळजळ. त्यांची पक्की खात्री आहे की दोष टोमॅटोचा, कारण घरी रोजच्या भाजीत टोमॅटो असतो.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. काय खाल्लं, किती, किती वाजता, झोपले किती वाजता, जळजळ झाली का, किती वाजता, आणि शून्य ते दहांत किती. वही जेवणाच्या टेबलावरच असावी. रात्री आठवून लिहिलेली नोंद आवडत्या संशयिताच्या बाजूने झुकते. आठवड्याअखेर वही अशी दिसते: सातांपैकी पाच रात्री जळजळ. टोमॅटो पाच दिवस खाल्ला, त्यांतल्या तीन दिवशी त्रास झाला. ज्या दोन दिवशी टोमॅटो नव्हता, त्या दोन्ही दिवशीही झाला. रात्री दहानंतर जेवण झालं अशा चार रात्री, आणि चारही रात्री जळजळ. लवकर जेवलेल्या तीन रात्रींपैकी एकीतच. सात दिवसांवरून निकाल देता येत नाही, पण टोमॅटोवरचा आरोप ढिला झाला आणि कुठे पाहायचं ते कळलं.

दुसऱ्या टप्प्यात, पुढचे दोन आठवडे, पदार्थांना हात न लावता वेळ आणि प्रमाण सुधारायचं. संध्याकाळी सहाला ऑफिसात पोळीभाजीचा डबा, घरी आल्यावर फक्त वाटीभर मऊ भात किंवा तेवढंच हलकं काही, आणि झोप त्यानंतर निदान दोन-तीन तासांनी. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली ठोकळे किंवा विटा घालून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलायची. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, त्याने कंबरेत घडी पडते आणि पोटावर दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपणंही उपयोगी, कारण त्या स्थितीत जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीला राहतं. हे आधी का करायचं? कारण रोज रात्री आम्ल वर येतच राहिलं तर त्या गोंधळात एखाद्या पदार्थाचा परिणाम वेगळा दिसत नाही. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांची जळजळ दोन आठवड्यांत दोनच रात्रींवर आली. एकदा लग्नाच्या पंगतीनंतर, एकदा पावभाजीनंतर.

आता एकेका पदार्थाची पाळी. परीक्षा दुपारच्या जेवणात घ्यावी, म्हणजे नंतर आडवं होण्याचा प्रश्न येत नाही. पायाचं जेवण रोज तेच ठेवायचं: दोन पोळ्या, दुधीची भाजी, मुगाचं वरण, थोडा भात. टोमॅटोसाठी दोन मध्यम टोमॅटो उकडून, गाळून, मीठ-जिरं घालून केलेलं वाटीभर सार. त्यात मिरची नको, फोडणीला तेलतूप नको, खोबरं नको, नाहीतर पुन्हा मिसळीसारखाच गुंता. एक दिवस सार, दुसऱ्या दिवशी साराऐवजी तेवढंच पातळ वरण, असं आलटून पालटून, साराचे तीन दिवस आणि वरणाचे तीन दिवस होईपर्यंत. नोंद तीनदा: पंधरा मिनिटांनी, तासाने आणि तीन तासांनी. वरणाचे दिवस गाळू नयेत. काही न करताही अधूनमधून जळजळतं, आणि ते किती हे कळल्याशिवाय साराच्या आकड्याला अर्थ नाही.

त्यांच्या वहीत साराच्या तीन दिवशी सर्वांत जास्त त्रास शून्य, एक, शून्य. वरणाच्या तीन दिवशी शून्य, शून्य, एक. टोमॅटो सुटला. आणि पावभाजीच्या रात्रीचं काय? पावभाजीत टोमॅटोबरोबर लोण्याचा गोळा आहे, वर कच्चा कांदा आहे, पाव चार आहेत आणि वेळ रात्रीची आहे.

लिंबाची परीक्षा दोन रूपांत करावी लागते, कारण रूप बदललं की परिणाम बदलतो. अर्धं लिंबू वरणभातावर पिळलं तर रस घासात मिसळून, पातळ होऊन जातो. तेच अर्धं लिंबू पेलाभर सरबतात घातलं तर आंबट पातळ द्रव अन्ननलिकेच्या सगळ्या लांबीला लागत खाली उतरतो. संत्र्याचंही तसंच. एक नागपुरी संत्रं सोलून, चावून खाणं आणि चार संत्र्यांचा रस घटाघट पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गृहस्थांना वरणावरच्या लिंबाने काहीच झालं नाही. सरबताच्या तिन्ही दिवशी मात्र पिताना किंवा पाच मिनिटांत चार-पाच इतकी जळजळ झाली आणि अर्ध्या तासात ओसरली. साध्या पाण्याच्या दिवशी शून्य. हा स्पष्ट निकाल आहे: लिंबू त्यांना झोंबतं, आणि वेळ सांगते की ते अन्ननलिकेला लागून झोंबतं.

मिरचीत सर्वांत जास्त घोळ होतो. रोज तिखट खाणाऱ्याच्या मज्जातंतूंना मिरचीची सवय होऊन जाणीव बोथट होते. २००२ मध्ये इटलीतल्या एका छोट्या चाचणीत अपचनाचा त्रास असलेल्यांना रोज अडीच ग्रॅम लाल मिरचीची पूड कॅप्सूलमधून दिली तेव्हा पाच आठवड्यांत त्यांच्या पोटातल्या तक्रारी उलट कमी झाल्या होत्या. म्हणून दोन-तीन आठवडे तिखट पूर्ण बंद ठेवून एकदम ठेचा खाल्ला तर जास्तच झोंबेल, आणि तो निकाल खोटा असेल. नेहमीच्या आहारात जेवढं तिखट असतं तेवढं चालू ठेवावं आणि परीक्षेच्या दिवशी तीच दुधीची भाजी अर्धा चमचा जास्त तिखट घालून करावी, तेल तेवढंच ठेवून. कोणतं तिखट घातलं तेही लिहावं, कारण काश्मिरी मिरची आणि लवंगी मिरची एका पारड्यात घालता येत नाहीत. पोटाच्या खालच्या भागात किंवा शौचाच्या वेळी होणारी आग ही जळजळीच्या रकान्यात मोजू नये. ती मिरचीचीच असते, पण अन्ननलिकेशी तिचा संबंध नाही. आपल्या उदाहरणात आकडे आले तीन, शून्य, एक. हा निकाल धड इकडे नाही, धड तिकडे नाही. अशा वेळी आठवड्याने पुन्हा तीन दिवस करावेत, आणि दुसऱ्या फेरीतही चित्र विस्कळीतच राहिलं तर त्या प्रमाणातली मिरची मोठी गुन्हेगार नाही असं मानावं. ढोबळ कसोटी म्हणून, तीनपैकी निदान दोन दिवस त्रास आणि साध्या दिवशी जवळपास नाही, असं दिसलं तरच पदार्थाला दोषी ठरवावं.

या परीक्षेची एक मर्यादा मान्य करायलाच हवी. सार पिणाऱ्याला आपण सार पितोय हे माहीत असतं, आणि ज्याने वीस वर्षं टोमॅटोला घाबरून काढली त्याला नुसत्या भीतीनेही छातीत काहीतरी जाणवतं. चव झाकता येत नसल्यामुळे घरी हा दोष पूर्ण काढता येत नाही. आकडा मात्र लगेच लिहावा आणि तीन दिवस पूर्ण होईपर्यंत मागची पानं उलटू नयेत, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दुसरी अडचण गोळ्यांची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी औषधं चालू असताना केलेली परीक्षा त्या औषधांसकटची असते. तिचा निकाल चांगला आला तरी औषधाशिवाय तसाच येईल असं नाही. म्हणून परीक्षेसाठी ती परस्पर बंद करावीत का? नाही. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली की काही दिवस आम्ल उसळून जास्त तयार होतं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात पूर्वी काहीही त्रास नसलेल्या निरोगी लोकांनाही आठ आठवड्यांची गोळी थांबवल्यावर जळजळ सुरू झाली होती. त्या दिवसांत ज्या पदार्थाला हात लावाल तो दोषी दिसेल. गोळी कमी करायची की नाही आणि कशी, हे डॉक्टरांबरोबर ठरवून मगच परीक्षेचे दिवस निवडावेत. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचीही वहीत नोंद हवी. पुष्कळदा जेवणावर ढकललेली जळजळ त्यांची असते.

काही लक्षणं असतील तर या परीक्षेच्या वाटेला जाऊच नये. घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, तपासणीत आढळलेला रक्तक्षय: यांपैकी काहीही असलं तर आधी डॉक्टर आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी. चालताना किंवा जिना चढताना येणारी, घामाबरोबर येणारी, हातात किंवा जबड्यात पसरणारी छातीतली कळ ही ‘अ‍ॅसिडिटी’ समजून सोडा पिऊन बसण्याची गोष्ट नाही. तिथे तडक रुग्णालय गाठायचं.

आपल्या गृहस्थांच्या वहीतून शेवटी काय हाती आलं? टोमॅटो रोजच्या भाजीत परत आला. लिंबू वरणभातावर राहिलं, सरबत तेवढं थांबलं. तिखट आहे तसं. रात्रीच्या पंगतीत एक वाढप कमी आणि कच्चा कांदा नको. पाच मिनिटांत झोंबणाऱ्या सरबताने अन्ननलिका अजून हुळहुळी असल्याचं दाखवलं होतं, म्हणून ती वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले आणि आठ आठवड्यांचं औषध घेतलं. तो काळ संपून गोळी थांबल्यावर महिनाभराने सरबताचे तेच तीन दिवस, तेच अर्धं लिंबू, तोच पेला घेऊन पुन्हा करायचे आहेत. या वेळी आकडा उतरला तर सरबतही परत सुरू होईल, आणि चार-पाचवरच राहिला तर वहीचं ते पान पुन्हा डॉक्टरांसमोर ठेवावं लागेल.